पनीर काळं पडलं त्याची गोष्ट: एका केटरिंगवाल्यांवर उठलेली अफवा आणि आम्ही काय केलं

माझ्या मावशीचं केटरिंग आहे. किचन ठाण्यात वर्तकनगरला आणि ऑर्डरी बहुतेक घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधल्या, बारसं, डोहाळजेवण, सत्यनारायण, पहिला वाढदिवस असल्या. मी दिवसा नोकरी करते आणि संध्याकाळी तिचे हिशोब, बिलं आणि व्हॉट्सअ‍ॅप बघते, म्हणून हे सगळं माझ्यासमोर घडलंय. कुणाचीच नावं घेत नाही, सोसायटीचं पण नाही, कारण ज्यांच्या व्हिडिओवरून हे सुरू झालं त्या काकू आता आमच्या ओळखीच्या झाल्यात आणि त्यांना परत गावभर करायचं नाहीये.

रविवारी दुपारी एका क्लबहाउसमध्ये बारशाचं जेवण होतं, १४० पानं. पनीर बटर मसाला, मसालेभात, पुरी, भजी, काकडीची कोशिंबीर, गुलाबजाम. पनीर ११ किलो आणलं होतं, नेहमीच्या डेअरीतून, बिल घेऊन. जेवण छान झालं, उरलेलं यजमानांनी डब्यात भरून जवळच्यांना वाटलं, नेहमीसारखं.

सोमवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास वर्तकनगरच्याच एका जुन्या ताईंचा मावशीला मेसेज आला, "हे तुमचं आहे का?" आणि खाली २२ सेकंदांचा व्हिडिओ. स्टीलच्या ताटलीत ग्रेव्हीतला पनीरचा तुकडा, वरून कोणीतरी बीटाडीनचे दोन थेंब टाकतंय आणि तुकडा बघता बघता निळाकाळा होतोय, मागून बाईचा आवाज, "बघा, कालच्या बारशातलं पनीर, काळं पडलं, असं का होतं कुणी सांगेल का?" आणि व्हिडिओच्या खाली वेगळा मजकूर, की केमिकलचं पनीर वाढलं, १४० लोक जेवले, दोन मुलं अ‍ॅडमिट, आणि शेवटी मावशीच्या केटरिंगचं नाव.

मावशी मटकन खुर्चीत बसली. आणि माझा मावसभाऊ, म्हणजे तिचा मुलगा, त्याने तेवढ्यात काय केलं तर स्वतःच्या स्टेटसला टाकलं, "आमच्याविरुद्ध कट रचला जातोय, अफवा पसरवणाऱ्यांवर कायदेशीर कारवाई होणार." पुढच्या एका तासात ११ फोन आले, आणि त्यातल्या नऊ जणांना व्हिडिओचा पत्ताच नव्हता. "काय झालं रे, कसली अफवा?" म्हणजे ज्यांच्यापर्यंत गोष्ट पोचलीच नव्हती त्यांना आम्हीच पोचवली. स्टेटस उतरवायला लावलं, पण तोपर्यंत व्हायचं ते झालं होतं.

मग मी तो मेसेज नीट बघितला. व्हिडिओवर दोन बाणांची खूण होती, म्हणजे तो बऱ्याच हातांतून फिरून आलाय. पण खालच्या मजकुरावर कुठलाच बाण नव्हता. म्हणजे तो फॉरवर्ड होऊन आलेला नाही, कुणीतरी टाईप करून किंवा कॉपी-पेस्ट करून जोडलाय. ही बारीक गोष्ट आहे पण त्या दिवशी फार उपयोगी पडली, कारण एकदम लक्षात आलं की इथे दोन वेगळ्या बातम्या एकमेकींना चिकटल्यात. एक, पनीर काळं पडलं, हे दिसतंय, खरं आहे, कुणीतरी फक्त प्रश्न विचारलाय. दुसरी, मुलं अ‍ॅडमिट झाली, ही कुठून तरी नंतर चिकटली. दोघींना एकच उत्तर देऊन चालणार नव्हतं.

आणि दुसरीची चौकशी आधी. मावशी म्हणाली, "आधी मुलांचं बघ. खरंच कोणी आजारी असेल तर ही अफवा नाही, आपली चूक आहे, मग पनीर गेलं खड्ड्यात." यासाठी मी तिला मानते, कारण बहुतेक लोक पहिल्या फटक्यात "खोटं आहे" म्हणून मोकळे होतात आणि मग खरंच एखादा आजारी निघाला की तोंड दाखवायला जागा राहत नाही.

यजमानांना फोन केला. त्यांना चार प्रश्न विचारले: कोणाला त्रास झालाय, कधी सुरू झाला, काय काय खाल्लं होतं, आणि त्याच घरात न जेवलेल्या कुणाला होतंय का. वेळ विचारण्याला कारण आहे. जेवणातून होणारा त्रास आपल्या ठराविक वेळात येतो, स्टॅफ नावाच्या जंतूचं विष असेल तर साधारण एक ते सहा तासांत उलट्या, साल्मोनेला असेल तर सहा तासांपासून पार तीन दिवसांपर्यंत. आणि एकच पदार्थ खाल्लेले बरेच जण एकदम पडतात, एखाद-दुसरा नाही. इथे निघालं काय, तर एका बाळाला उलट्या-ताप होता, पण शनिवारी रात्रीपासून, म्हणजे बारशाच्या आदल्या दिवशीपासून, आणि त्याची आई त्याला घेऊन जेवणाला आलीच नव्हती. डॉक्टरांना दाखवून घरी आणलं होतं, अ‍ॅडमिट कोणीच नव्हतं. दुसरं मूल कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही, बहुधा नव्हतंच. आणखी १२ घरांत यजमानांनी स्वतः विचारलं, सगळे ठणठणीत.

आता पनीर. आमच्याकडे प्रत्येक ऑर्डरचा नमुना ठेवायची पद्धत आहे, प्रत्येक पदार्थाची वाटीभर, साधारण दोनशे ग्रॅम, झाकणाच्या डब्यात, वर तारीख आणि ऑर्डरचं नाव, फ्रिजमध्ये तीन दिवस. महाराज कायम कुरकुरतात की फ्रिजमध्ये जागा नाही, त्या दिवशी कुरकुरले नाहीत. शिवाय पनीरच्या लादीतला एक तुकडा कच्चा शिल्लक होता, तीच बॅच.

साडेसातला आम्ही किचनच्या ओट्यावर बशा मांडल्या. भावाने घाईत ग्रेव्ही जरा गरम करून तिच्यात थेंब टाकला तर काहीच झालं नाही, तो खुश, "बघ, काळं होतच नाही, व्हिडिओ फेक आहे!" मी म्हटलं थांब. पाचेक मिनिटांत ग्रेव्ही निवली आणि निळीकाळी झाली. बीटाडीनमध्ये आयोडीन असतं, आणि आयोडीन आणि स्टार्च मिळून जो निळा रंग येतो तो गरमात टिकत नाही, थंड झाला की परत येतो, त्यामुळे ही टेस्ट थंड पदार्थावरच करायची. त्याने तो गरम ग्रेव्हीचा व्हिडिओ टाकला असता तर दुसऱ्या दिवशी कुणीतरी थंड ग्रेव्हीवर करून आम्हालाच खोटं पाडलं असतं. अजून एक, बीटाडीन तसंच गडद ओतलं की सगळंच तपकिरी दिसतं, चमचाभर पाण्यात दोन-तीन थेंब टाकून ते वापरलं की रंग स्वच्छ कळतो.

मग नीट केलं. कच्च्या पनीरवर थेंब, पिवळट तपकिरीच राहिला. ग्रेव्हीवर, निळंकाळं. निव्वळ काजूच्या पेस्टवर, निळंकाळं. सकाळच्या पोळीच्या तुकड्यावर, उकडलेल्या बटाट्यावर, मसालेभाताच्या शितावर, सगळीकडे तेच. काजूत स्टार्च असतं हे आपल्याला सुचत नाही, आपण काजू म्हणजे तेल एवढंच समजतो, पण चांगलंच असतं, आणि बटर मसाल्याची ग्रेव्ही अर्धी काजूवर उभी असते. म्हणजे आयोडीन खरंच बोलत होतं, फक्त पनीरबद्दल नाही, ग्रेव्हीबद्दल बोलत होतं.

शेवटी डब्यातला, म्हणजे ग्रेव्हीत शिजलेला पनीरचा तुकडा काढला, पाण्याखाली धुतला, सुरीने मधून कापला आणि कापलेल्या बाजूवर थेंब टाकला. कडेने निळी रिंग, नखाएवढी पण नाही, आणि आतला सगळा भाग तपकिरी. स्टार्च पनीरमध्येच मिसळलेलं असतं तर मधलं पण निळं व्हायला हवं होतं. तो फोटो मी तेव्हाच काढून ठेवला, कारण त्याला एका ओळीपेक्षा जास्त समजावून सांगावं लागत नाही.

आणि इथे आमचं भांडण झालं. भावाचं म्हणणं, कच्च्या पनीरवर थेंब टाकून, काळं होत नाही असं दाखवून झक्क रील करू, "शंभर टक्के शुद्ध, बघा टेस्ट". मी नाही म्हटलं. कारण नकली पनीर ज्याला म्हणतात, म्हणजे दुधाच्या फॅटऐवजी पाम तेल वगैरे घालून केलेलं अ‍ॅनालॉग, त्यात स्टार्च असेलच असं नाही. त्याच्यावर पण आयोडीन तपकिरीच राहू शकतं. म्हणजे आयोडीनने काळं झालं म्हणून नकली नाही, आणि नाही झालं म्हणून अस्सल पण नाही. आम्ही ती रील टाकली असती तर अर्धवट टेस्टला आम्हीच शिक्का दिला असता आणि एक अर्धसत्य आपल्या फायद्याचं म्हणून फिरवलं असतं. एफएसएसएआयच्या घरगुती तपासण्यांच्या पुस्तिकेत ही टेस्ट आहे, पण ती स्टार्चची भेसळ शोधायला, आणि तिथे नुसता पनीर-खव्याचा नमुना पाण्यात उकळून, गार करून मग आयोडीन टाकायचं असं दिलंय, शिजवलेल्या भाजीवर टाका असं कुठे नाहीये. मावशीने माझी बाजू घेतली, भाऊ चहा प्यायला निघून गेला.

आता हे सांगायचं कोणी आणि कुठे. हा खरा प्रश्न होता, कारण सोसायटीचे ग्रुप बंद असतात, बाहेरच्या माणसाला आत जाऊन बोलता येत नाही, आणि केटररने स्वतः घुसून सफाई दिली की लोक म्हणतात, हिच्या पोटात दुखतंय म्हणून बोलतेय. म्हणून आधी व्हिडिओ टाकणाऱ्या काकू शोधल्या. यजमानांनी आवाज ओळखला, त्यांच्याच मजल्यावरच्या, आणि सोमवारी सकाळी सव्वाअकराला सोसायटीच्या महिला ग्रुपवर टाकलं होतं. त्यांनी केटरिंगचं नाव घेतलंच नव्हतं, आजारी कोणी हेही नाही. प्रश्न विचारला होता बिचाऱ्यांनी.

ओळखीच्या एका वकिलांनी सांगितलं नोटीस पाठवा, बदनामीचं कलम आहे, भारतीय न्याय संहितेचं ३५६. मावशीने ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. नोटीस कोणाला पाठवणार, प्रश्न विचारणाऱ्याला? मजकूर जोडणारा तर सापडलाच नव्हता.

साडेआठला मावशी आणि मी त्यांच्या घरी गेलो, यजमान वहिनींना घेऊन. सोबत नमुन्याचा डबा, कच्च्या पनीरचा तुकडा, डेअरीचं बिल. काकूंनी दार उघडलं आणि एकदम घाबरल्या, "अहो मी फक्त विचारलं होतं हो." मावशी म्हणाली, "काकू, मी भांडायला नाही आले. तुम्ही बघितलंत ते खरंच आहे, मी पण आत्ता किचनमध्ये केलं, माझ्याकडे पण काळं झालं. मला फक्त अजून दोन गोष्टींवर करून बघायचंय, तुमच्याकडे पोळी आहे का?" काकूंनी डब्यातून दुपारची पोळी काढली, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या बीटाडीनचा थेंब टाकला. "अगं बाई, माझी पोळी पण काळी!" मग बटाटा, मग कच्चं पनीर, मग कापलेला तुकडा. हे सगळं आमच्या हातून झालं असतं तर काकूंनी मान डोलावली असती पण पटलं नसतं, त्यांच्या बाटलीतून, त्यांच्या पोळीवर झालं म्हणून पटलं.

काकूंना लगेच व्हिडिओ डिलीट करायचा होता. मी थांबवलं. एक तर डिलीट फॉर एव्हरीवन केल्याने त्यांच्या ग्रुपमधला जाईल, पुढे गेलेले जाणार नाहीत, आणि काही न बोलता गायब झाला की लोक म्हणणार केटररने दबाव आणला. म्हणून आधी त्याच व्हिडिओला रिप्लाय करून खुलासा, आणि मूळ व्हिडिओ दुसऱ्या दिवशी दुपारी काढायचा. खुलासा त्यांच्याच शब्दांत लिहिला, मी फक्त एक गोष्ट बदलायला सांगितली, सुरुवातीला "पनीर केमिकलचं नाही" असं होतं ते काढायला लावलं. "नाही" पटकन विसरलं जातं आणि "पनीर" आणि "केमिकल" डोक्यात राहतं. शेवटी असं गेलं:

"आज सकाळी मी टाकलेल्या व्हिडिओबद्दल. काळा रंग ग्रेव्हीतल्या काजूमुळे आला. मी घरी माझ्या पोळीवर आणि बटाट्यावर तोच थेंब टाकला, तेही काळे झाले. पनीरचा तुकडा धुऊन मधून कापला तर आत रंग आला नाही, फोटो खाली आहे. जेवणातून कोणी आजारी पडल्याचं यजमानांना कळलेलं नाही, कोणाला त्रास असेल तर मला किंवा त्यांना फोन करा. ज्यांना मी किंवा तुम्ही व्हिडिओ पाठवला असेल त्यांना हे पण पाठवा."

खाली रिंगवाला फोटो आणि पोळीचा फोटो, बस. आजारी बाळाबद्दल आम्ही एक अक्षर लिहिलं नाही. आमच्या फायद्याचं होतं, शनिवारपासूनचा ताप म्हणजे आमची सुटकाच, पण दुसऱ्याच्या लेकराचं आजारपण आमच्या बचावासाठी ग्रुपवर कसं टाकायचं. नंतर त्या आईनेच आपणहून लिहिलं की माझं बाळ आधीपासून आजारी होतं आणि आम्ही जेवणाला नव्हतो, उगाच जोडू नका. तिच्या त्या दोन ओळींनी जेवढं काम झालं तेवढं आमच्या फोटोनेही नाही, खरं सांगते.

मग वहीत यादी केली, व्हिडिओ कुठल्या कुठल्या ग्रुपमध्ये गेलाय. फोन करणाऱ्या प्रत्येकाला विचारलं, कुठे बघितलंत. नऊ ग्रुप निघाले, तीन सोसायट्या, एक क्लासच्या आयांचा, एक जुन्या वस्तू विकायचा, बाकी नातेवाइकांचे. जिथे व्हिडिओ गेला तिथेच काकूंचा खुलासा जाईल, बाकी कुठे नाही, आमच्या गिऱ्हाइकांच्या ब्रॉडकास्ट लिस्टला पण नाही. भावाच्या स्टेटसचा अनुभव ताजा होता. सहा ग्रुपमध्ये ओळखीचं कोणी ना कोणी सापडलं, तिथे त्या माणसाला किंवा अ‍ॅडमिनला पाठवून, "व्हिडिओखाली रिप्लाय म्हणून टाका" एवढं सांगितलं. तीन ग्रुपमध्ये कोणीच सापडलं नाही, ते तसेच राहिले.

ज्या दोघा-तिघांनी विचारलं, "ठीक आहे, स्टार्च नाही, पण पाम तेलाचं नाही कशावरून?" त्यांचा प्रश्न एकदम बरोबर होता आणि त्याला फोटोत उत्तर नव्हतं. त्यांना आम्ही डेअरीचं बिल, त्यावरचा डेअरीचा १४ आकडी लायसन्स नंबर आणि बॅच पाठवली, आणि सांगितलं की तपासणीला पाठवतोय. कच्चा तुकडा एनएबीएलची मान्यता असलेल्या लॅबला दिला, थंड डब्यात, बर्फाच्या पॅकसकट, त्याच बॅचचा आहे असं लिहून. काय काय तपासायचं ते नीट सांगावं लागतं, नुसतं "पनीर चेक करा" म्हटलं तर ते जंतूंची तपासणी करून देतात आणि आपला प्रश्न तसाच राहतो. आम्ही ओलावा, फॅट, स्टार्च, आणि फॅट दुधाचंच आहे का ही तपासणी मागितली. रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आला, ओलावा ५४ टक्के, नियमाप्रमाणे ६० च्या आत हवा, सुक्या भागात फॅट ५२ टक्के, किमान ५० हवं, स्टार्च नाही, परकी चरबी सापडली नाही. काठावर पास, मावशी डेअरीवाल्यावर थोडी चिडलीच.

रिपोर्टवर खाली बारीक अक्षरात असतं, हा निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता, जाहिरातीसाठी वापरू नये. म्हणून तो आम्ही कुठे चिकटवला नाही, ज्यांनी विचारलं होतं त्यांनाच दाखवला.

नुकसान झालं ते झालं. त्या आठवड्यात पाच ऑर्डरी होत्या, त्यातल्या दोन रद्द झाल्या. एक, सोळा माणसांचं केळवण, खुलासा वाचून बुधवारी परत आली. दुसरी २०० पानांची मुंज होती, ती गेली ती गेलीच, त्यांनी दुसरीकडे अ‍ॅडव्हान्स दिला होता. मावशीने त्यांना फोन करून काही समजावलं नाही, "काही हरकत नाही, शुभेच्छा" एवढंच. भाऊ आता नमुन्याच्या डब्यांवर स्वतः तारखा टाकतो, आणि बटर मसाला ऑर्डर झाला की मेन्यूच्या कागदावर ग्रेव्हीत काजू आहे असं लिहून देतो, ते अ‍ॅलर्जीवाल्यांसाठी आधीपासूनच लिहायला हवं होतं खरं तर.

तीन आठवड्यांनी मला ऑफिसातल्या मैत्रिणीने ऐरोलीच्या एका ग्रुपवर आलेला व्हिडिओ दाखवला. तीच ताटली, तोच २२ सेकंदांचा, दोन बाण, फक्त खालच्या मजकुरात आता तिकडच्या दुसऱ्याच केटररचं नाव होतं आणि अ‍ॅडमिट मुलं सात झाली होती. मी मावशीला पाठवला. तिने कुठून तरी त्या माणसाचा नंबर काढला आणि संध्याकाळी फोन लावला. मी शेजारीच भाज्यांची बिलं लिहीत होते. तिने आपली ओळख पण नंतर सांगितली, पहिलं वाक्य होतं, "दादा, तुमच्याकडे जेवलेलं कुणी खरंच आजारी आहे का, ते आधी बघितलंत?"